दुभाष्यामार्फत झालेली संमतीची चर्चा: केसपेपरवर नेमकं काय उतरायला हवं

प्रश्न: मॅडम, मी ठाण्यात एका नर्सिंग होममध्ये आर.एम.ओ. आहे. परवा एका कर्णबधिर बाईंची दुर्बिणीतून अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. सरांनी उद्या सांकेतिक भाषेचा व्यावसायिक दुभाष्या बोलावलाय आणि मला म्हणाले, "संमतीची नोंद नीट लिही." छापील फॉर्मवर "दुभाष्यामार्फत समजावून सांगितले, रुग्णास समजले" अशी ओळ आणि खाली दुभाष्याची सही, एवढं पुरेल का?

उत्तर:

नाही पुरणार. त्या एका ओळीत तीन माणसांची तीन कामं कोंबलेली आहेत. डॉक्टरांनी काय सांगितलं, दुभाष्याने ते तसंच पोचवलं का, आणि बाईंना त्यातून काय कळलं. उद्या कोणी विचारलं तर यातलं एकही त्या ओळीवरून सांगता येत नाही. शिवाय "समजले" याखाली दुभाष्याची सही घेतलीत, तर जे ठरवायचं काम तुमच्या सरांचं आहे ते तुम्ही भलत्याच माणसाच्या गळ्यात घातलंत.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, ठेच लागून सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका रुग्णालयात नोकरीला असताना एक कर्णबधिर मुलगी रात्री आली. गर्भनलिकेत गर्भ होता आणि नळी फुटायच्या बेतात होती. सोबत नणंद. ती हातवारे करून सगळं सांगत होती, मुलगी मान डोलवत होती. आम्ही नळी काढली. शस्त्रक्रिया योग्य होती, त्याबद्दल नंतरही कोणी बोट दाखवलं नाही. पण महिन्याभराने तक्रार आली, की मला फक्त "पिशवी साफ करणार" एवढंच सांगितलं होतं, नळी काढणार हे कोणी बोललंच नाही. चौकशीत माझ्यापुढे केसपेपर ठेवला. माझ्याच अक्षरात ओळ होती: "रुग्ण व नातेवाइकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले." समितीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "त्यांच्या म्हणजे कोणाच्या?" नणंदेची भाषा मराठी, मुलीची भाषा सांकेतिक, आणि मधल्या घरगुती खुणांना भाषा म्हणायचं की नाही हा वेगळाच प्रश्न. कोण बोललं, किती वेळ बोललं, मुलीने उलट काय विचारलं, यातलं काहीही मला सांगता येईना. आठवतही नव्हतं आणि लिहिलेलंही नव्हतं.

तेव्हापासून मी ही नोंद फॉर्मवर घेत नाही. फॉर्म वेगळा, त्याला जोडून हाताने लिहिलेलं एक पान वेगळं. तुम्हीही उद्या एक कोरं पान घेऊन बसा.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण नोंदीची निम्मी गडबड तिथूनच सुरू होते. बाई दहावी-बारावी झालेल्या असतील, मोबाइलवर मेसेज करत असतील, तर सिस्टर म्हणतील, "त्यांना वाचता येतं की, फॉर्म द्या हातात." बऱ्याच कर्णबधिर माणसांसाठी लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीसारखं चालत नाही. 'काय', 'कुठे', 'का' असे प्रश्नाचे शब्द तिथे वाक्याच्या शेवटी येतात. भुवया, डोळे, मानेचा कल हे नुसते हावभाव नसतात, तो वाक्याचाच भाग असतो. त्यामुळे "मला लिहिता-वाचता येते व मी वरील मजकूर वाचला आहे" या छापील वाक्याखाली सही मिळाली म्हणून मजकूर पोचला असं धरता येत नाही. नोंदीत दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: चर्चा दुभाष्यामार्फत झाली, आणि छापील फॉर्मचा मजकूरही दुभाष्यामार्फत सांगितला गेला. पहिलं झालं की दुसरं आपोआप होतं असं नाही. दुभाष्या निघून गेल्यावर सिस्टर फॉर्म पुढे करतात आणि "इथे, इथे आणि इथे" असं बोटाने दाखवतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता गेल्या वर्षीच्या एका रुग्णाचं सांगते, म्हणजे नोंद कशी घडत जाते ते कळेल. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

कळव्याच्या बाई, वय चौतीस, एक मुलगा. नवरा-बायको दोघंही कर्णबधिर, सासू ऐकू येणाऱ्या. डाव्या अंडाशयात आठ सेंटिमीटरची द्रवाने भरलेली गाठ. तीन महिन्यांनी सोनोग्राफी परत केली तरी तेवढीच. दुर्बिणीतून गाठ काढायची, अंडाशय वाचवायचा, असं ठरलं. ओपीडीत पहिल्या दोन भेटी सासूबाईंच्या मदतीने झाल्या होत्या आणि बाई प्रत्येक वेळी मान डोलवून गेल्या होत्या. केसपेपर बघितला असता तर सगळं आलबेल वाटलं असतं.

दुभाषी ताईंना मी ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी बोलावलं. कशाची शस्त्रक्रिया आहे, कुठले शब्द येणार आहेत, हे त्यांना सांगितलं आणि गर्भाशय, नळ्या, अंडाशय यांचं चित्र दिलं. अंडाशयासारख्या शब्दाची खूण समोरच्या बाईंना माहीत असेलच असं नाही. मग ताई बोटांनी स्पेलिंग करतात, चित्रावर बोट ठेवतात आणि त्या बैठकीपुरती एक खूण दोघीजणी मिळून ठरवतात. ही तयारी आधी झाली नाही तर दुभाष्या स्वतःच्या समजुतीने जवळचा शब्द वापरून मोकळा होतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

मग ताईंकरवी बाईंना पहिला प्रश्न विचारला, "ह्या ताई चालतील का?" याला नुसता शिष्टाचार समजू नका. मुंबई-ठाण्याकडचा कर्णबधिर समाज लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. दुभाष्या बहुतेकदा कोणाच्या तरी लग्नात, कोणाच्या तरी पोलिस चौकीत जाऊन आलेला असतो. पाळीबद्दल, मूल होण्याबद्दल त्याच्यासमोर बोलायचं की नाही हे बाईंनी ठरवायचं. त्यांनी होकार दिला, ते लिहिलं. सासूबाईंना बाहेर चहा घ्यायला पाठवलं, तेही लिहिलं. नवरा आत थांबावा अशी बाईंची इच्छा होती, तो थांबला.

बसायची जागा सांगते, कारण फोटोत सगळे चुकीचे बसलेले दिसतात. दुभाष्या रुग्णाच्या शेजारी नको. तो डॉक्टरच्या बाजूला, किंचित मागे हवा, म्हणजे रुग्णाला डॉक्टरचा चेहरा आणि दुभाष्याचे हात एका नजरेत दिसतात. पाठीमागे खिडकी नको, उजेडात हात काळे दिसतात. तोंडावर मास्क नको. आणि बोलायचं बाईंकडे बघून. "यांना विचारा की दुखतं का" असं नाही, "तुम्हाला दुखतं का?"

मी सुरुवात माहिती देण्यापासून केली नाही. विचारलं, "परवा काय करणार आहोत, तुम्हाला काय माहीत आहे?" बाईंनी उत्तर दिलं, ताईंनी आवाजात सांगितलं: "माझी पिशवी काढणार. माझ्या मावशीची काढली होती. आता मला मूल होणार नाही. सासूला चालेल, कारण एक मुलगा आहे."

मी थक्क झाले. मग उलगडा झाला. सासूबाईंनी मोबाइलवर लिहून दिलं होतं, "पोटात पाण्याची पिशवी आहे, पिशवी काढायची आहे." गाठीला 'पाण्याची पिशवी' म्हणणारे आपणच डॉक्टर, आणि गर्भाशयाला 'पिशवी' म्हणणारेही आपणच. ऐकू येणारी बाई "कुठली पिशवी हो?" असं लगेच विचारते. हिने दोन महिने गर्भाशय जाणार असं धरून काढले आणि मान डोलवत राहिली. सांकेतिक भाषेतल्या संभाषणात मान डोलवणं म्हणजे बरेचदा "हं, बघतेय, पुढे सांगा" एवढंच असतं. ते होकार म्हणून केसपेपरवर लिहिणं ही माझ्या मते सगळ्यात नेहमीची चूक.

मग चित्रावर सगळं नव्याने सांगितलं. गाठ कुठे आहे, काय काढणार, का काढणार, न काढली तर काय होऊ शकतं, थांबून बघण्याचा पर्याय काय, दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, रक्तस्राव, आतडं किंवा मूत्रमार्गाला इजा. दर दोन-तीन वाक्यांनी थांबत होते. पंचवीस मिनिटांनी ताईंना पाच मिनिटं विश्रांती दिली. दुभाष्याचं डोकं आणि हात दोन्ही थकतात आणि थकलेला दुभाष्या आधी बारकावे गाळतो. गोष्ट लांबली तर दोन दुभाषे आलटून पालटून लागतात.

शेवटी बाईंच्या हातात कोरा कागद आणि पेन दिलं. "तुम्ही मला समजावून सांगा, मी काय करणार आहे." त्यांनी गर्भाशयाचं चित्र काढलं, दोन बाजूंना दोन अंडाशय, डाव्यावर मोठा गोल. गोलावर फुली मारली. गर्भाशयावर बरोबरची खूण. मग डाव्या अंडाशयावर पेन टेकवलं, थांबल्या आणि प्रश्नचिन्ह काढलं. "हे काढावं लागलं तर? पाळी जाईल? मूल?" मी म्हटलं, दुसरं अंडाशय नीट आहे, एक गेलं तरी पाळी येते, मूल होऊ शकतं. त्यावर त्यांनी नवऱ्याशी हातांनी बरंच बोलून घेतलं (ताईंनी तेही मला आवाजात सांगितलं, बाईंना विचारून) आणि आपला निर्णय सांगितला: रक्त थांबतच नसेल तरच डावं अंडाशय काढा. कॅन्सरसारखं काही दिसलं तर तपासणीला तुकडा घ्या, बाकी हात लावू नका, मला जाग आल्यावर बोला. गर्भाशय काढायचं नाही, कोणीही काहीही सांगितलं तरी.

हा निर्णय म्हणजे त्या संमतीचा गाभा. समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच सांगितलंय. तिथे दुर्बिणीने तपासणीची संमती होती, पोट उघडावं लागू शकतं असंही लिहिलेलं होतं. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार होती आणि जीव जाण्यासारखी घाई नव्हती, म्हणून आईची संमती न्यायालयाने मानली नाही. कर्णबधिर रुग्णाच्या बाबतीत तर "घरच्यांना विचारू" हा मोह ऑपरेशन टेबलवर दुप्पट होतो, कारण घरच्यांशी बोलणं सोपं असतं. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम १० मध्ये स्पष्ट म्हटलंय, की वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. म्हणून बाईंनी घातलेल्या मर्यादा त्यांच्याच शब्दांत पानावर यायला हव्यात, आणि ते पान सर्जनने सकाळी ओटीत जाण्याआधी वाचलेलं हवं.

मी लिहिलेली नोंद खाली देते. मी इंग्रजीत लिहिते, इथे मराठीत उतरवलीय.

> दुपारी ४.१० ते ५.०५ (मध्ये ५ मिनिटे विश्रांती). समुपदेशन खोली. उपस्थित: रुग्ण, पती, मी, भारतीय सांकेतिक भाषेच्या व्यावसायिक दुभाषी (नाव, संस्था, ओळखपत्र क्रमांक, फोन वेगळ्या रकान्यात). प्रत्यक्ष हजर, व्हिडिओवर नव्हे. दुभाषी रुग्णाच्या नात्यातील किंवा रुग्णालयाच्या कर्मचारी नाहीत. या दुभाषी चालतील का, असे रुग्णास विचारले; होकार. सासूबाई रुग्णाच्या संमतीने खोलीबाहेर.
>
> सुरुवातीला रुग्णाची समजूत: गर्भाशय काढणार आहेत. ती चुकीची असल्याचे चित्रावर दाखवून सांगितले. डाव्या अंडाशयातील गाठ, शस्त्रक्रियेचे स्वरूप, हेतू, थांबून बघण्याचा पर्याय, शस्त्रक्रिया न केल्यास गाठीला पीळ पडण्याची किंवा ती फुटण्याची शक्यता, पोट उघडावे लागणे, रक्तस्राव, आतडे व मूत्रमार्गास इजा यांवर चर्चा.
>
> रुग्णाने विचारले: अंडाशय काढल्यास पाळी व मूल यांचे काय? उत्तर दिले. रुग्णाने स्वतः चित्र काढून शस्त्रक्रिया परत समजावून सांगितली. चित्र सोबत जोडले आहे, त्यावर रुग्णाची सही. माझ्या मते रुग्णास शस्त्रक्रियेचे स्वरूप व परिणाम समजले आहेत.
>
> रुग्णाचा निर्णय: गाठ काढण्यास संमती. डावे अंडाशय फक्त रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तरच काढावे. संशयास्पद दिसल्यास तपासणीसाठी तुकडा घ्यावा, पुढील शस्त्रक्रिया नको, शुद्धीवर आल्यावर चर्चा. गर्भाशय काढण्यास नकार.
>
> छापील संमतीपत्र (मराठी) दुभाषींमार्फत परिच्छेदागणिक सांगितले, ४.४५ ते ५.०५. त्यानंतर रुग्णाची सही. भुलीबाबत चर्चा झालेली नाही. भूलतज्ज्ञ उद्या स्वतंत्रपणे करतील, दुभाषींना उद्या सकाळी ९ वाजता बोलावले आहे.

एवढंच. एक पानही भरत नाही. पण बघा, यातलं कुठलंही वाक्य दुसऱ्या रुग्णाच्या पानावर जसंच्या तसं चिकटवता येणार नाही. हीच त्याची परीक्षा. तुमची नोंद पुढच्या रुग्णालाही लागू पडत असेल तर ती नोंद नाही, शिक्का आहे.

वेळेबद्दल एक शब्द. दुभाष्यामार्फतच्या चर्चेला नेहमीपेक्षा दीडपट ते दुप्पट वेळ लागतो असा माझा अनुभव. सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिली की वाचणाऱ्याला अंदाज येतो. शस्त्रक्रियेची चर्चा आणि फॉर्म मिळून "४.१० ते ४.१८" असं कुठे दिसलं तर मीच त्यावर विश्वास ठेवणार नाही. आणि रुग्णाने विचारलेला एकही प्रश्न नोंदीत नसेल, तर बोलणं एकतर्फी झालं असं समजायला हरकत नाही.

आता दुभाष्याची सही. ती घ्याच, पण तिच्या वरचं वाक्य बदला. दुभाष्या एवढंच सांगू शकतो: "दोन्ही बाजूंचे बोलणे मी माझ्या क्षमतेनुसार पूर्ण व अचूक पोचवले. न समजलेल्या जागी थांबवून खुलासा मागितला." रुग्णाला समजलं हे तो सांगू शकत नाही, सांगूही नये, ते डॉक्टरचं मत आणि त्याखाली डॉक्टरची सही. चांगला दुभाष्या "रुग्णास समजले" याखाली सही करायला स्वतःहून नकार देतो. तसं झालं तर वैतागू नका, माणूस जाणता आहे असं समजा. त्याला साक्षीदाराच्या रकान्यातही बसवू नका. साक्षीदार वेगळा, सही करताना हजर असलेला. आणि पतीच्या सहीबद्दल: घ्यायची तर घ्या, मात्र ती बाईंच्या सहीच्या जागी चालत नाही. माझ्या केसमध्ये पतीही कर्णबधिर होता, त्यामुळे त्याने सही केली त्याआधीची त्याच्याशी झालेली चर्चाही दुभाषींमार्फतच झाली, असं मी एका ओळीत जोडलं.

चर्चा चालू असताना काहीतरी गळतंय हे कसं ओळखायचं? तुम्ही पाच वाक्यं बोललात आणि हात दोनदाच हलले, तर थांबा आणि विचारा. दुभाष्या तुमच्याकडे न बघता रुग्णाच्या नवऱ्याशी बोलत राहिला, तर विचारा काय बोललात. रुग्णाचं उत्तर प्रश्नाशी जुळत नसेल तर ते बाईंच्या डोक्यावर फोडू नका; प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारा. आणि दुभाष्याने स्वतःच उत्तर द्यायला सुरुवात केली ("हो हो, त्यांना माहितीय"), तर त्याला नम्रपणे सांगायचं, की हे त्यांच्याकडून ऐकायचंय. यातलं काही घडलं आणि तुम्ही दुरुस्त केलंत, तर तेही नोंदीत लिहा. त्याने नोंद कमजोर होत नाही.

दुभाष्या मिळालाच नाही तर? गाठीला पीळ पडून बाई रात्री दोन वाजता आल्या, तर अंडाशय वाचवायला तास मोजके असतात, थांबता येत नाही. तेव्हा व्हिडिओ कॉलवर दुभाष्या मिळतो का बघायचं. फोन हातात धरू नका, स्टँडवर ठेवा. दुभाष्याचे दोन्ही हात आणि चेहरा चौकटीत हवेत, नेट अडकलं की वाक्य तुटतं. तेही जमलं नाही तर सासूबाई आणि चित्र. पण मग तसंच लिहायचं: कोणाला कितीला फोन केला, का थांबता आलं नाही, कोणी खुणा केल्या, त्यांचं रुग्णाशी नातं काय, काय पोचल्याची खात्री आहे आणि काय पोचल्याची नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुभाष्या बोलावून, शस्त्रक्रियेत काय केलं ते रुग्णाला सांगायचं, त्याची वेगळी नोंद. नातेवाइकाला "दुभाष्या" लिहून टाकण्याचा मोह आवरा. त्या मुलीच्या नणंदेच्या बाबतीत मी ते केलं असतं तर ती थेट खोटी नोंद झाली असती.

तुमच्याकडे सध्या लागणार नाही, पण नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत परदेशातून रुग्ण येतात, तिथे हाच प्रश्न बोलल्या जाणाऱ्या भाषेचा असतो. तिथला "दुभाष्या" पुष्कळदा रुग्णाला इथे घेऊन येणाऱ्या एजंटचा माणूस असतो आणि शस्त्रक्रिया झाली तर एजंटला पैसे मिळतात. भाषा त्याला उत्तम येते, पण तो तिऱ्हाईत नसतो. म्हणून माझ्या नमुन्यातली "नात्यातील किंवा रुग्णालयाच्या कर्मचारी नाहीत" ही ओळ तिथे "रुग्ण आणणाऱ्या एजन्सीशी संबंध नाही" इथपर्यंत लांबवावी लागते. संबंध असेल तर संबंध आहे असं लिहावं आणि दुसरा दुभाष्या शोधावा.

हे पान फाइलमध्ये कुठे ठेवायचं? संमतीपत्राच्या लगेच मागे, पानाला क्रमांक टाकून. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. तेव्हा रुग्ण ते पान पुन्हा दुभाष्याकडून वाचून घेऊ शकतो, हे धरूनच लिहा. "रुग्ण अशिक्षित, मुकी" असले शब्द त्यात नकोत. आपण सवयीने लिहितो, आणि वाचणाऱ्याला ते लागतात.

राहता राहिली भूल. भूलतज्ज्ञांची चर्चा वेगळी, त्यांची नोंदही वेगळी, आणि त्यालाही दुभाष्या हवा. बहुतेक ठिकाणी दुभाष्याला सर्जनच्या चर्चेनंतर पैसे देऊन पाठवतात आणि भूलतज्ज्ञ संध्याकाळी येऊन बाईंच्या हातात फॉर्म देतात. उद्याच दोघांची वेळ एकत्र जुळवा. भूलतज्ज्ञांच्या नोंदीत एक गोष्ट आवर्जून घालायला सांगा: सलाइनची सुई कुठल्या हाताला. भारतीय सांकेतिक भाषेतलं बोटांचं स्पेलिंग दोन्ही हातांनी होतं आणि बाकीच्या खुणांत एक हात पुढे असतो. तो हात बांधून ठेवलात तर जाग आल्यावर बाईंना "दुखतंय" एवढंही नीट सांगता येत नाही. आमच्या बाईंनी डावा हात सुईला चालेल म्हणून सांगितलं, ते नोंदीत आलं, आणि रिकव्हरीतल्या सिस्टरने पट्ट्या सोडताना उजवा हात आधी मोकळा केला. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिली खूण केली ती प्रश्नाची होती. ताई शेजारी उभ्या होत्याच. "डावं आहे ना?" होतं. गाठ तेवढी गेली होती.

तुमच्या बाईंना सुई कुठल्या हाताला चालेल, ते उद्या दुभाष्या असतानाच विचारून ठेवा.